औषध ओतण्याआधी विचारा, पोराने शू कधी केली?

पत्र : नमस्कार डॉक्टर, आम्ही डिचोलीला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, वजन 14 किलो. मागच्या आठवड्यात त्याला 103 ताप आला. घरात आयबुप्रोफेनचं सिरप होतं, रात्री 9 ला 7 मिली दिलं. ताप उतरला पण परत चढला म्हणून 1 वाजता परत दिलं, आणि सकाळी 6 ला परत. पोटात काहीच नव्हतं, रात्रीपासून उलट्या आणि जुलाब पण चालू होते. सकाळी हॉस्पिटलात नेला तर तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शू कधी केली? मला सांगताच येईना. त्यांनी ते सिरप बंद करायला सांगितलं, सलाइन लावलं, आता बरा आहे. पण का ते कोणी समजावलं नाही. डोस तर बरोबर होता ना? सासूबाई म्हणतात हे औषध आता घरातच नको. द्यायचं तर किती तासांनी, खायला देऊन की तसंच, आणि कधी अजिबात नाही?

उत्तर :

ताई, एकावेळचा डोस तुमचा बरोबर होता, ते आधी सांगते. आपल्याकडे मुलांच्या आयबुप्रोफेन सिरपमध्ये साधारण 5 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं, आणि मुलाला एका वेळी दर किलो वजनामागे 5 ते 10 मिलिग्रॅम चालतं, म्हणजे 14 किलोच्या पोराला 70 ते 140, सिरपमध्ये साडेतीन ते 7 मिली. तुम्ही वरच्या टोकाचा डोस दिलात, पण मर्यादेतला. चुकलं ते अंतर, आणि त्याहून जास्त म्हणजे ती रात्रच या औषधाची नव्हती. जुलाब सुरू झाले त्या क्षणाला ती बाटली कपाटात परत जायला पाहिजे होती.

हे का ते नीट सांगते, कारण एकदा कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आयबुप्रोफेन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होणं कमी करतं. ताप चढवण्यात आणि दुखण्यात या पदार्थांचा हात असतो, म्हणून ते कमी झाले की ताप उतरतो, अंग दुखायचं थांबतं. पण हेच पदार्थ शरीरात बाकीची चांगली कामं पण करतात, पोटाचं आतलं अस्तर ते सांभाळतात आणि किडनीकडे जाणारं रक्त पण. पोरगं नीट खातंय पितंय तेव्हा किडनीला त्यांची फारशी गरज लागत नाही, म्हणून साध्या सर्दीतापात हे औषध लाखो मुलं घेतात आणि काही होत नाही. पण उलट्या जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की रक्ताचं प्रमाण कमी होतं, किडनीकडे रक्त कमी पोचायला लागतं, आणि अशा वेळी किडनी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडून आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते, तेवढ्यावर तिचं काम चालू राहतं. नेमकं त्याच वेळी आपण चमच्याने असं औषध देतो जे ही सोयच बंद करतं. रक्तवाहिनी आकसते, लघवी कमी होते, आणि किडनीला खरी इजा होऊ शकते. जास्त डोस दिला तरच असं होतं असं नाही, बरोबर डोसमध्येही होऊ शकतं, म्हणून त्या डॉक्टरांनी तुम्हाला मिली नाही विचारले, शू विचारली.

वेळेवर औषध थांबवलं आणि पाणी भरून काढलं तर बहुतेक मुलांची किडनी पूर्ववत होते, तुमच्या पोराचं तसंच झालं असणार. तरी सलाइन लावलं तेव्हा रक्तात क्रिएटिनिन, ज्यावरून किडनी कसं काम करतेय ते कळतं, तपासलं होतं का ते डिस्चार्जच्या कागदावर बघा, आणि ते वाढलेलं लिहिलं असेल तर परत एकदा तपासून घ्यायचं का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता तीच रात्र परत घेऊया, पण दोन प्रकारे.

समजा जुलाब उलटी काहीच नाही, नुसता सर्दीखोकला आणि ताप, पोरगं थोडं थोडं पितंय, संध्याकाळपासून दोनदा शू केलीय. रात्री 9 ला दिलंत, बरोबर. औषधाचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, सगळ्यात जास्त साधारण तीन तासांनी दिसतो, आणि सहा ते आठ तास टिकतो. त्यामुळे पुढचा डोस पहाटे 3 च्या आधी नाहीच, आणि मी तर म्हणेन सकाळी 5 लाच, कारण घरी आठ तासांचं अंतर धरलं की दिवसात आपोआप तीनच डोस बसतात आणि तीनच्या वर घरच्या घरी जाऊच नये. तुमचे 9, 1 आणि 6 असे झाले, म्हणजे नऊ तासांत 21 मिली, 420 मिलिग्रॅम. 14 किलोच्या मुलाला तीन पूर्ण डोस म्हणजे अख्ख्या चोवीस तासांचा कोटा, तो सकाळी 6 लाच संपला होता.

पण 1 वाजता परत चढला तेव्हा काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक आईचा असतो. पहिली गोष्ट, ताप परत चढणं म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. औषध तापाचं कारण घालवत नाही, आजार आहे तोवर औषध ओसरलं की ताप चढणारच. 103 चा 101 झाला आणि पोरगं जरा उठून बसलं, पाणी मागायला लागलं, तर औषधाने त्याचं काम केलं, 98 वर यायलाच पाहिजे असं काही नाही. थर्मामीटर बघून औषध देऊ नका, पोराकडे बघून द्या. ताप 102 आहे पण खेळतंय, झोपलंय शांत, तर उठवून औषध पाजायची गरज नाही. आणि ताप डोक्यात चढून झटका येईल म्हणून औषध द्यायची घाई करू नका, तापाच्या औषधाने ते झटके टळत नाहीत असंच अभ्यासात दिसलेलं आहे. 1 वाजता तो कण्हत असेल, झोपच लागत नसेल, तर पॅरासिटामॉल चाललं असतं, कारण ते वेगळ्या जातीचं औषध आहे. त्याचा डोस दर किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तुमच्या मुलाला 200 च्या आसपास. इथे बाटली बघायलाच पाहिजे, कारण पॅरासिटामॉल सिरप 5 मिलीला 120 चं पण येतं आणि 250 चं पण. 250 वालं असेल तर 4 मिली, 120 वालं असेल तर साधारण 8 मिली. पॅरासिटामॉलच्या दोन डोसमध्ये सहा तास ठेवा, चार तासांच्या आत तर कधीच नाही, आणि दिवसात चारच्या वर नाही. दोन्ही औषधं सरसकट आलटून पालटून द्यायची सवय मात्र मला आवडत नाही, अर्धवट झोपेत कुठलं कधी दिलं हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, सासूबाईंनी 2 ला दिलेलं तुम्हाला 3 ला माहीत नसतं. एकाने चालतंय तोवर एकच. आणि जे काही द्याल ते फ्रिजवर कागद चिकटवून लिहा, औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता.

बाटलीवरून आणखी एक. आपल्याकडे फार्मसीत तापाचं सिरप मागितलं की बऱ्याचदा नावापुढे प्लस वगैरे लिहिलेलं मिळतं, त्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही एकत्र असतात. लोक ते देतात, ताप उतरला नाही म्हणून वर पॅरासिटामॉलचं सिरप देतात, आणि पोराला पॅरासिटामॉल डबल जातं. बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा, एकाच औषधाचं नाव असेल तीच बाटली घरात ठेवा. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप पण आपल्याकडे तापाला खूप देतात, ते आयबुप्रोफेनच्याच जातीतलं आहे, पोटाला आणि किडनीला तसाच त्रास, म्हणजे ही दोन एकमेकांना जोड म्हणून कधीच द्यायची नाहीत, आणि जुलाबात आयबुप्रोफेन नको म्हणून मेफेनॅमिक द्यायचं असंही नाही.

खायला देण्याचं सांगते. पोटाचं अस्तर सांभाळणारे पदार्थ कमी होतात म्हणून हे औषध उपाशीपोटी घेतलं की काही मुलांना मळमळतं, पोट दुखतं, उलटी होते. म्हणून खाल्ल्यावर किंवा खाता खाता द्यायचं. पण यासाठी पूर्ण जेवण लागत नाही हो, तापातलं पोरगं जेवणारही नाही आणि कोंबून भरवलं तर सगळं बाहेर येईल. चार पाच चमचे पेज, अर्धा कप दूध, अर्धं केळं, पावाचे दोन घास दुधात बुडवून, एवढं पुरतं. बाटली आधी चांगली हलवायची, कारण औषध तळाला बसतं, न हलवता वरचं पातळ दिलं तर सुरुवातीचे डोस कमी जातात आणि बाटली संपत आली की दाट आणि जास्त. बरोबर मिळालेल्या मापानेच द्या किंवा फार्मसीतून पाच मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा, घरातले चमचे सगळे वेगवेगळ्या मापाचे असतात. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर एरवी तोच डोस परत देता येतो, अर्ध्या तासानंतर पडलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. पण उलट्या थांबतच नसतील तर परत देण्याचा प्रश्नच नाही, पोरगं पाणी गमावतंय.

म्हणजे खाण्याचा नियम हा एक इशारा पण आहे बघा. पोरगं चार चमचे पेजसुद्धा पोटात ठेवू शकत नसेल तर ती वेळ आयबुप्रोफेनची नाहीच. पॅरासिटामॉल उपाशीपोटी चालतं.

आता तुमची खरी रात्र, जुलाब आणि उलट्यांसकट. रात्री 9 ला नुसता ताप होता आणि पहिला डोस दिला, ठीक आहे, पुढे काय होणार हे कोणाला कळतं. पहिला पातळ जुलाब झाला की आयबुप्रोफेन बंद. ताप असह्य असेल तर पॅरासिटामॉल, आणि रात्रीचं मुख्य काम तापाचं नाही, पाण्याचं. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते लिहिलेलं असतं, एक लिटरचं पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या पूर्ण एक लिटरमध्ये अख्खं पाकीट एकदम, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकायचं नाही, घट्ट झालं तर मीठ जास्त जातं आणि पातळ झालं तर उपयोग नाही. केलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकून द्यायचं. या वयाच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 100 ते 200 मिली, म्हणजे अर्धा ते एक ग्लास. उलटी होत असेल तर ग्लास तोंडाला लावू नका, चमच्याने दर एक दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू, आणखी हळू. कंटाळवाणं काम आहे, नवराबायकोने पाळी लावून करायचं, पण कित्येक मुलांचं सलाइन या चमच्यांनी वाचतं. सोबत उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज उत्तम, ती तर आपल्या घरात असतेच. आडसराचं पाणी जोडीला चालेल पण त्यात सोडियम कमी असतं, ओआरएसच्या जागी नाही. दुकानातला डब्यातला ज्यूस आणि कोल्ड ड्रिंक नको, त्या साखरेने जुलाब वाढतात.

आणि शू मोजायची. डायपरमधलं बाळ असेल तर ओले डायपर, मोठं असेल तर त्याच फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहायची. जुलाबाबरोबर थोडी शू होऊन जाते आणि कळत नाही, तुम्हाला सांगता आलं नाही त्याचं कारण बहुतेक हेच असेल, म्हणून बाकीचंही बघायचं. जीभ ओली आहे की कोरडी, रडताना डोळ्यांतून पाणी येतंय का, डोळे खोल गेल्यासारखे वाटतात का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होते की जरा वेळ तशीच उभी राहते. शू गडद पिवळी आणि थोडीशी असेल तर पाणी कमी पडतंय. सहा ते आठ तास शू नाही, पाणी पाजलं तेवढं उलटून पडतंय, पोरगं सुस्त पडलंय आणि हाक मारली तर नीट बघत नाही, हातपाय गार पडलेत, उलटी हिरवी आहे किंवा जुलाबात रक्त आहे, यातलं एक जरी दिसलं तरी उजाडायची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलात न्या, तुम्हाला म्हापसा जवळ, तिथून गरज पडली तर ते बांबोळीला जीएमसीत पाठवतील. जाताना दिलेल्या सगळ्या बाटल्या आणि तो कागद बरोबर घ्या, आणि आयबुप्रोफेन दिलं असेल तर ते स्वतःहून सांगा, किती मिली आणि किती वाजता, विचारायची वाट बघू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण गोव्यात राहून ती सोडता येत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे आपल्याकडे डेंगी असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत डेंगीचा ताप आणि साधा व्हायरल ताप घरी ओळखता येत नाही. डेंगीत उलट्या पण होतात, तेव्हा पोटाचं इन्फेक्शन समजून लोक गाफील राहतात. डेंगीत प्लेटलेट कमी होत असतात, आणि आयबुप्रोफेन आहेत त्या प्लेटलेटचं काम अडवतं, वर पोटाच्या अस्तराला इजा, म्हणजे रक्तस्राव व्हायला दोन्हीकडून वाट मिळते. त्यात डेंगीमध्ये रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपतं, म्हणजे जुलाब नसतानाही किडनीला रक्त कमी पडू शकतं. म्हणून जून ते नोव्हेंबर माझा सगळ्या आईवडिलांना एकच आग्रह असतो, ताप आला की घरी फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच. एनएस-वनची टेस्ट पहिल्या चार पाच दिवसांत करता येते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून डेंगी नाहीच असं शंभर टक्के म्हणता येत नाही. आणि डेंगीत ताप उतरल्यावरचे एक दोन दिवस जास्त जपायचे असतात, ताप गेला म्हणून पोराला शाळेत पाठवू नका. पोट खूप दुखतंय, सारखी उलटी, नाकातून हिरड्यांतून रक्त, काळी शी, असं काही दिसलं तर ताप नसला तरी हॉस्पिटल.

बाकी थोडक्यात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आयबुप्रोफेन घरी द्यायचं नाही, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर कुठलंच औषध न शोधता सरळ डॉक्टरकडे. कांजिण्यांमध्ये नको, त्वचेचं गंभीर इन्फेक्शन होण्याचा धोका वाढतो. दमा असलेल्या मुलाला आधी कधी या औषधाने धाप लागली असेल किंवा किडनीचा आजार असेल तर अजिबात नाही.

सासूबाईंना सांगा, औषध वाईट नाहीये. कान ठणकतोय, दाढ दुखतेय, पडून हात सुजलाय, पोरगं जेवतंय, पितंय, शू होतेय, तिथे आयबुप्रोफेन चांगलं काम करतं, सूज आणि ठणका पॅरासिटामॉलपेक्षा बरा उतरवतं. तुमच्या पोराला आत्ताच बरं वाटतंय तर लगेच लागेल असं नाही, पण पुढे कधी लागलं तर जुलाब थांबून एक दोन दिवस झालेले असावेत, शू नेहमीसारखी फिकट आणि नेहमीइतक्या वेळा व्हायला पाहिजे, आणि तो निदान पेजभात खात असावा. तेव्हा 7 मिलीच द्यायचं असंही नाही, 5 मिली म्हणजे 100 मिलिग्रॅमसुद्धा त्याच्या वजनाला मर्यादेत बसतं, आधी तेवढ्यावर उतरतो का बघा. आणि लागोपाठ तीन दिवस द्यावं लागलं तर चौथ्या दिवशी बाटली नको, तपासायला न्या.